एनपीव्ही नक्की कुठल्या आकड्यावर उभी आहे? सेन्सिटिव्हिटी ॲनालिसिस पोळ्यांच्या युनिटवर करून बघू

प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये शेवटी एक ओळ असते, एनपीव्ही अमुक लाख, प्लसमध्ये आहे म्हणजे प्रोजेक्ट करण्यासारखा. एनपीव्ही म्हणजे पुढच्या वर्षांत हातात येणाऱ्या पैशाची आजची किंमत, वजा सुरुवातीची गुंतवणूक. पण ती एनपीव्ही आठ-दहा अंदाजांवर उभी असते आणि त्यातला एखादा जरा हलला तर आख्खं गणित मायनसमध्ये जातं, दुसरा कितीही हलला तरी काही फरक पडत नाही. कुठला कोणता हे शोधणं म्हणजे सेन्सिटिव्हिटी ॲनालिसिस. बहुतेक रिपोर्टमध्ये हे असतं, पण प्रत्येक आकडा सरसकट १० टक्के वरखाली करून एक टेबल चिकटवलेलं असतं आणि त्यातून जे उत्तर निघतं ते बऱ्याचदा चुकीच्या आकड्याकडे बोट दाखवतं. ते कसं, हे एका केसवर पूर्ण करून बघू.

केस अशी. भांडुपला एल.बी.एस. रोडजवळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये भाड्याचा गाळा घ्यायचा, पोळ्यांचं मशीन बसवायचं आणि पवई, विक्रोळी, अंधेरीकडच्या ऑफिस कॅन्टीनना पोळ्या पुरवायच्या. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल धरलेत, तुमच्या कामात तुमचे घाला.

आधी मूळ गणित

एक पोळी ६ रुपयाला विकायची, रोज ६,००० पोळ्या, वर्षाचे ३०० दिवस. एका पोळीला ३५ ग्रॅम पीठ, ४० रुपये किलोने १.४० रुपये. तेल, गॅस, पॅकिंग आणि टेम्पोने पोचवणं मिळून आणखी २.२० रुपये. म्हणजे पोळीमागे खर्च ३.६० आणि सुटतात २.४० रुपये. महिन्याचा ठरलेला खर्च, म्हणजे पोळी एक करा नाहीतर दहा हजार करा, द्यावाच लागतो तो, २ लाख ६० हजार: गाळ्याचं भाडं ७५ हजार, पगार १ लाख ४५ हजार, बाकी लाइट, मेंटेनन्स वगैरे ४० हजार. सुरुवातीची गुंतवणूक ३५ लाख, मुदत ५ वर्षं, डिस्काउंट रेट, म्हणजे पुढचे पैसे आजच्या किमतीत आणायचा वर्षाचा दर, १२ टक्के. टॅक्स, डिपॉझिटची परतफेड आणि मशीनची भंगार किंमत इथे बाजूला ठेवलीय, नाहीतर मुद्दा हरवतो.

वर्षाला १८ लाख पोळ्या गुणिले २.४० म्हणजे ४३.२० लाख, त्यातून ३१.२० लाख ठरलेला खर्च वजा, हातात राहतात १२ लाख. १२ टक्क्यांनी ५ वर्षांच्या या रकमेची आजची किंमत ४३.२६ लाख, त्यातून ३५ लाख गेले की एनपीव्ही ८.२६ लाख. यात घसारा वजा करायचा नाही (तो रोख खर्च नाही) आणि कर्जाचं व्याजही वजा करायचं नाही, कारण पैशाची किंमत डिस्काउंट रेटमध्ये आधीच धरलेली आहे. व्याज परत वजा केलं की तेच ओझं दोनदा टाकल्यासारखं होतं, आणि हे छोट्या रिपोर्टमध्ये फार दिसतं.

शीटमध्ये एक नियम कडक पाळा: प्रत्येक अंदाज स्वतःच्या सेलमध्ये हवा, फॉर्म्युल्यात आत कुठेही आकडा टाइप केलेला नको. एखादा आकडा आत लपला की तो हलवता येत नाही, आणि जो हलवता येत नाही त्याची सेन्सिटिव्हिटी कधीच दिसत नाही. अशी मांडणी करा:

```
B1  6        पोळीचा भाव
B2  6000     रोजच्या पोळ्या
B3  300      वर्षाचे दिवस
B4  40       पीठ, रुपये किलो
B5  0.035    पोळीला किलो पीठ
B6  2.20     बाकी खर्च, पोळीमागे
B7  260000   महिन्याचा ठरलेला खर्च
B8  3500000  गुंतवणूक
B9  12%      डिस्काउंट रेट
B10 5        वर्षं
B12 =(B1-B4*B5-B6)*B2*B3-B7*12
B13 =-PV(B9,B10,B12)-B8
```

B13 मध्ये 825731 च्या आसपास आलं पाहिजे. नाही आलं तर पुढे जाऊच नका, आधी चूक शोधा.

दरवर्षीची रक्कम वेगळी असेल तर C12 ते G12 मध्ये पाच वर्षं टाकून `=NPV(B9,C12:G12)-B8` लिहा. एक्सेलचं NPV फंक्शन पहिल्या आकड्यालासुद्धा एक वर्ष डिस्काउंट करतं, त्यामुळे आज घातलेले ३५ लाख त्या रेंजच्या आत टाकले तर सगळंच एक वर्ष मागे सरकतं आणि ८.२६ च्या जागी ७.३७ लाख येतात. आकडा पटण्यासारखा वाटतो म्हणून ही चूक कोणाच्या लक्षातही येत नाही.

सगळे आकडे १० टक्के वाईट करून बघणं

आता एकावेळी एकच आकडा १० टक्के वाईट बाजूला न्यायचा, एनपीव्ही लिहून घ्यायची, आकडा परत जागेवर आणायचा, मग पुढचा. परत जागेवर आणायला विसरलात तर पुढची सगळी उत्तरं बिघडतात, म्हणून मूळ आकडे शेजारच्या कॉलममध्ये कॉपी करून ठेवा.

भाव ६ वरून ५.४० केला तर एनपीव्ही उणे ३०.६७ लाख. पोळीमागचा खर्च ३.६० वरून ३.९६ केला तर उणे १५.१०. पोळ्या ६,००० वरून ५,४०० केल्या तर उणे ७.३२. ठरलेला खर्च १० टक्के वाढवला तर उणे २.९९. गुंतवणूक ३५ ऐवजी ३८.५० लाख धरली तरी अधिक ४.७६ उरतात, आणि डिस्काउंट रेट १२ चा १३.२ केला तर ७ लाख, म्हणजे जेमतेम सव्वा लाखाचा फरक.

भाव सगळ्यात वर येणार हे ठरलेलंच होतं आणि त्यात या धंद्याचं काही विशेष नाही. भावातला प्रत्येक पैसा थेट खाली उतरतो, त्याच्यासोबत खर्च कमी होत नाही. पोळ्या कमी झाल्या तर पीठ, गॅस, पॅकिंगही वाचतं, म्हणून तिथे फटका २.४० रुपयाचाच, ६ रुपयाचा नाही. जिथे जिथे मार्जिन बारीक तिथे भाव पहिला येणारच, मग युनिट पोळ्यांचं असो की प्लास्टिकच्या डब्यांचं. आणि डिस्काउंट रेटवर जी तासन्‌तास चर्चा चालते, ११ धरू की १२, ती पाच वर्षांच्या अशा प्रोजेक्टमध्ये खरंच एवढी लायक नाही. वीस-पंचवीस वर्षांचा प्रोजेक्ट असेल, पाण्याचा, रस्त्याचा, तर गोष्ट वेगळी, तिथे लांबच्या वर्षांचे पैसे रेटमुळे पार वितळतात.

शून्यावर आणणारा आकडा

दुसरा प्रश्न उलटा विचारायचा: एनपीव्ही बरोबर शून्य व्हायला हा आकडा कुठपर्यंत घसरावा लागेल? एक्सेलमध्ये Data टॅबवर What-If Analysis, त्यात Goal Seek. Set cell मध्ये B13, To value मध्ये 0, By changing cell मध्ये B2. उत्तर येतं ५,६८२ पोळ्या. असंच एकेक करत गेलं की भाव ५.८७ रुपये, पीठ किलोला ४३.६४, ठरलेला खर्च महिन्याला २.७९ लाख, गुंतवणूक ४३.२६ लाख आणि डिस्काउंट रेट २१ टक्क्यांच्या जरा वर, असे आकडे मिळतात.

हा भाग मला टक्क्यांच्या टेबलापेक्षा जास्त उपयोगी वाटतो, कारण हे आकडे धंदा करणाऱ्या माणसाला लगेच कळतात. "व्हॉल्यूम ५.३ टक्के कमी" म्हटलं तर कोणी मान हलवून पुढे जातं, पण "ताई, रोज ३१८ पोळ्या कमी गेल्या तर हा प्रोजेक्ट करायला नको होता" म्हटलं की लगेच विचार सुरू होतो की म्हणजे एक मधल्या साइजचं कॅन्टीन सुटलं की संपलं.

आणि इथेच एक मोठा गैरसमज असतो तो काढून टाका. ब्रेक-इव्हन म्हणून जो आकडा सांगितला जातो तो असा काढतात: ३१.२० लाख भागिले २.४०, म्हणजे वर्षाला १३ लाख, रोजच्या ४,३३३ पोळ्या. तेवढ्या गेल्या तर महिन्याचा खर्च निघतो, बस्स. घातलेले ३५ लाख आणि त्यावरचे १२ टक्के यायला ५,६८२ लागतात. या दोन आकड्यांच्या मधे युनिट चाललं तर दर महिन्याला बँकेत थोडे पैसे उरताना दिसतात, पगार वेळेवर होतात, सगळ्यांना वाटतं छान चाललंय, आणि पाच वर्षांनी मशीन म्हातारं होतं तेव्हा कळतं की भांडवल त्यावरच्या १२ टक्क्यांसकट काही परत आलं नाही.

आता खरा भाग: प्रत्येक आकड्याला त्याची स्वतःची रेंज

सरसकट १० टक्क्यांमध्ये अडचण ही की भाव १० टक्के पडणं आणि पोळ्या १० टक्के कमी जाणं या सारख्याच शक्यतेच्या गोष्टी आहेत असं आपण न बोलता मान्य करतो, आणि तसं नसतं. कॅन्टीनवाल्याबरोबर भाव वर्षभरासाठी लेखी ठरतो, घासाघीस होते ती पाच-दहा पैशांवर. ६ रुपयाची पोळी ५.४० ला मागितली तर देणारच नाही कोणी. उलट पोळ्यांची संख्या? तिचं काहीही होऊ शकतं.

म्हणून प्रत्येक आकड्यासाठी दोन टोकं ठरवा, "साधारण वाईट वर्ष" आणि "साधारण चांगलं वर्ष", आणि ती टोकं कुठून आली ते शेजारी एका वाक्यात लिहा. भावासाठी दोन-तीन कॅन्टीनची लेखी कोटेशन्स, पिठासाठी गिरणीची किंवा होलसेलवाल्याची मागच्या तीन-चार वर्षांची बिलं, गुंतवणुकीसाठी मशीनवाल्याचं कोटेशन अधिक गाळ्यात गॅस लाइन, एक्झॉस्ट आणि वायरिंगचं एस्टिमेट. कारण लिहिता येत नसेल तर ती रेंज मनातली आहे, आणि मनातली रेंज नेहमी अरुंद निघते.

या केसमध्ये मी अशी टोकं धरली (एनपीव्ही लाखात):

| अंदाज | वाईट टोक | एनपीव्ही | चांगलं टोक | एनपीव्ही |
|---|---|---|---|---|
| रोजच्या पोळ्या | ४,८०० | −२२.८९ | ६,३०० | १६.०४ |
| पीठ, किलो | ४६ रु. | −५.३७ | ३६ रु. | १७.३४ |
| भाव | ५.९० रु. | १.७७ | ६.१० रु. | १४.७५ |
| ठरलेला खर्च, महिना | २.८० लाख | −०.३९ | २.५५ लाख | १०.४२ |
| गुंतवणूक | ४० लाख | ३.२६ | ३३ लाख | १०.२६ |
| डिस्काउंट रेट | १४% | ६.२० | १०% | १०.४९ |

बघा, क्रम बदलला. भाव पहिल्या नंबरवरून तिसऱ्यावर आला, पोळ्यांची संख्या तिसऱ्यावरून पहिल्यावर. कुठला अंदाज एनपीव्हीला सगळ्यात जास्त हलवतो याचं उत्तर दोन गोष्टींच्या गुणाकारातून येतं: आकडा एक टक्का हलल्यावर किती फरक पडतो, आणि तो आकडा खरोखर किती हलू शकतो. १० टक्क्यांचं टेबल फक्त पहिली गोष्ट सांगतं.

हेच आडव्या पट्ट्यांमध्ये काढलं, सगळ्यात लांब पट्टी वर आणि मधे ८.२६ ची उभी रेघ, की झाला टोर्नेडो चार्ट. बँकेतल्या माणसाला किंवा घरातल्या भागीदाराला दाखवायला तोच बरा.

पोळ्यांच्या पट्टीत अजून एक गोष्ट आहे, ती दोन्हीकडे सारखी नाही. खाली ३१ लाखांचा खड्डा, वर पावणेआठ लाखांचीच वाढ, कारण मशीन तासाला ९०० पोळ्या काढतं आणि सात तासांत ६,३०० च्या वर जाताच येत नाही. ऑर्डर ८,००० ची आली तरी माल नाही. दोन्हीकडे समान टक्के धरले की ही मर्यादा दिसतच नाही आणि चांगली बाजू उगाच मोठी वाटते.

पहिल्या नंबरचा आकडा फोडून बघा

जो आकडा वर आला तो तसाच सोडायचा नाही, त्याच्या आत काय आहे ते बघायचं. पोळ्यांची संख्या म्हणजे रोजच्या पोळ्या गुणिले दिवस, आणि ते ३०० दिवस आपण सहज लिहून टाकले होते. आठवड्याला सहा दिवस धरले तर वर्षाचे ३१२, त्यातून सणवार आणि पावसात लोकल बंद पडते ते एक-दोन दिवस काढले की ३०० बरोबर वाटतात. पण गिऱ्हाईक सगळे पाच दिवसांच्या आठवड्याची ऑफिसं असतील तर दिवस २५० च राहतात, आणि B3 मध्ये 250 टाकलं की एनपीव्ही उणे १७.७० लाख. एवढा मोठा फटका, तोही अशा सेलमधून ज्याला कोणी अंदाज म्हणतच नव्हतं. शिवाय शुक्रवारी अर्धं ऑफिस घरून काम करत असेल तर तोही दिवस पूर्ण धरता येत नाही. म्हणून कॅन्टीनवाल्याला "रोज किती पोळ्या लागतात?" असं विचारू नका, तो मंगळवारचा आकडा सांगतो. त्याच्याकडे मागच्या दोन-तीन महिन्यांची चलनं मागा, सोमवार ते शनिवार वेगवेगळ्या कॉलममध्ये मांडा आणि मग सरासरी काढा.

दुसरं, पहिल्या दिवसापासून ६,००० जाणार का? पहिल्या वर्षी सरासरी ४,००० च गेल्या आणि दुसऱ्या वर्षापासून पूर्ण ६,००० झाल्या, तरी एनपीव्ही उणे ४.६० लाख होते. एकच वर्ष उशीर! पण फॉर्म्युल्यात पाचही वर्षांना एकच आकडा असेल तर हे दिसणार नाही, त्यासाठी वर्षवार कॉलम करावेच लागतात. वर्षवार केलं की भाड्याचंही खरं रूप दिसतं: लीव्ह अँड लायसन्समध्ये दरवर्षी ५ टक्के वाढ लिहिलेली असेल तर ७५ हजारांच्या भाड्यावर तेवढ्यानेच एनपीव्ही ३ लाखांनी कमी होते. ही रेंज नाही, ॲग्रीमेंटमध्ये सही केलेली गोष्ट आहे, तिची जागा मूळ गणितात.

दोन आकडे एकत्र हलले तर

एकावेळी एकच हलवण्याची पद्धत समजायला सोपी, पण खऱ्या आयुष्यात आकडे एकमेकांचा हात धरून चालतात. पीठ ४६ वर गेलं तर एनपीव्ही उणे ५.३७ दिसते, पण पीठ सगळ्यांचंच महागतं, म्हणून भाव थोडा वाढवून मिळतो. भाव १० पैसे वाढला तर तीच एनपीव्ही अधिक १.१२ लाख होते. उलटंही होतं: ऑफिसं रिकामी होतात तेव्हा कॅन्टीनवाला कमी पोळ्या घेतो आणि वर भावही पाडून मागतो, दोन्ही वाईट एकदम.

यासाठी दोन आकड्यांचं टेबल करा. रिकाम्या जागी डाव्या वरच्या कोपऱ्यात `=B13`, त्याच्या खाली पोळ्यांचे आकडे 4800, 5400, 6000, 6300, त्याच्या उजवीकडे भाव 5.90, 6.00, 6.10. सगळा चौकोन सिलेक्ट करून What-If Analysis मध्ये Data Table, Row input cell म्हणून B1, Column input cell म्हणून B2. हे टेबल मूळ आकडे असलेल्याच शीटवर हवं, दुसऱ्या शीटवरचा सेल ते घेत नाही. सगळ्या खान्यांत एकच आकडा दिसला तर Formulas टॅबमध्ये Calculation Options बघा, तिथे बहुतेक डेटा टेबल सोडून बाकी ऑटोमॅटिक असं सेटिंग असतं, F9 दाबलं की आकडे बदलतात.

यातून किती शक्यता आहे हे कळत नाही हेही लक्षात ठेवा. ४,८०० पोळ्या दहात एकदा होणार की दहात पाचदा, हे टेबल सांगत नाही, ते तुम्हाला बाजार बघूनच ठरवायचं.

मग या उत्तराचं करायचं काय

पोळ्यांची संख्या पहिली आली, म्हणजे कॅन्टीनशी बोलताना भावापेक्षा किमान खरेदीच्या अटीवर जोर द्यायचा, महिन्याला इतक्या पोळ्यांचे पैसे उचलल्या नाहीत तरी द्यायचे. समोरचा म्हणणार, मग भावात पाच पैसे सोडा. इथे शीट उघडी ठेवा. ५.९५ भावाला शून्यावर यायला ५,६८२ नाही, ५,८०३ पोळ्या लागतात, म्हणजे सोडलेल्या पाच पैशांसाठी रोजच्या १२१ पोळ्या जास्त. सगळ्या कॅन्टीनकडून मिळून ५,७०० ची हमी मिळाली आणि भाव ५.९५ केला तर हमी असूनही एनपीव्ही उणे २.६१ लाख. तोच भाव ६ ठेवून ५,८०० ची हमी मिळाली तर अधिक ३.०७. पिठासाठी दुसरी अट: होलसेल भाव किलोला ४३ च्या वर गेला की पुढच्या महिन्यापासून पोळीला १० पैसे वाढ. ४३ का, तर शून्यावर आणणारा आकडा ४३.६४ आहे आणि त्याच्या आधी अट लागू झाली पाहिजे.

हे दोन्ही ॲग्रीमेंटच्या मसुद्यात लिहून झालं की शीटमध्ये पोळ्यांचं वाईट टोक ४,८०० वरून हमीच्या आकड्यावर आणा, पिठाच्या वाईट टोकाला B1 मध्ये 6.10 टाका, आणि टेबल परत चालवा. हमी भाव ६ ला ५,८०० ची असेल तर आता वाईट टोकाला एनपीव्ही शून्याखाली नेणारा ठरलेला खर्चच उरतो, मग गाळ्याचं भाडं आणि पगार घेऊन बसा. फक्त हमीची अट अर्ध्याच गिऱ्हाइकांनी मान्य केली असेल तर वाईट टोक अर्धंच वर सरकवा, पूर्ण नाही.